ध्वजाच्या ओट्यावरचा आरसा

शहादेव सरांनी सातवीच्या वर्गाला एकच नियम दहादा बजावला होता. आरसा वापरून झाला की पालथा ठेवायचा. उन्हात उघडा आरसा म्हणजे दावं सुटलेला बैल, कुठं शिंग मारील नेम नाही. पोरं हसली, पण त्यांनी नियम पाळला. मोडला तो सरांनीच.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं ते गाव. त्या उन्हाळ्यात विहिरीनं कधीच हात वर केले होते. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी साखर कारखान्यात खेटे घालून एक टँकर मिळवला होता. तो सकाळी येऊन शाळेखालच्या उतारावरच्या विहिरीत पाणी सोडायचा. बाया पहाटेच घागरी रांगेत ठेवून घरी जायच्या. घागर जिथं, बाई तिथं. कुणी कुणाची घागर हलवायची नाही. आणि रांगेत पहिली घागर सरांची. मास्तर एकटे राहतात, गावाच्या पोरांना शिकवतात, त्यांना ताटकळत ठेवायचं कसं? गावाचा हा मोठेपणा सरांना आवडायचा.

त्या दिवशी प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं होतं. शाळा पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे सकाळी वऱ्हांडा सावलीत आणि वर्गात अंधार. सरांनी आपला दाढीचा मोठा आरसा अंगणातल्या ध्वजाच्या ओट्याला टेकवला. तिथं ऊन होतं. आरशानं ते झेललं आणि दारातून थेट फळ्यावर फेकलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. थोड्या वेळानं कवडसा सरकला. सर बाहेर गेले आणि कंटाळून पायानंच आरसा ढकलला. कवडसा भिंतीवरूनही गेला. "जाऊ द्या, टॉर्चवर करू," म्हणत ते आत आले आणि दार लावून घेतलं. आरसा तसाच राहिला.

मग खरा तास रंगला. खिडक्यांना पोती, टॉर्चच्या तोंडाला काळा कागद, कागदाला ब्लेडनं पाडलेली बारीक फट. कोऱ्या कागदावर आरशाची पट्टी उभी केली की उजेडाची रेघ जाऊन आदळायची आणि मोडून परत यायची. पोरांनी पेन्सिलनं ठिपके दिले, ते जोडले. रेघ जिथं आदळली तिथं आरशाला काटकोनात स्तंभिका काढली आणि कोनमापक लावला. येणारा किरण स्तंभिकेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर जाणाराही तीस. पन्नास केला, तर पन्नास. "आरसा कुणाची बाजू घेत न्हाई," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडणार होतं.

जाईचं सगळ्यांच्या आधी झालं. महिन्यापूर्वीच ती आईबापांबरोबर ऊसतोडीवरून परतली होती. बुडालेला अभ्यास भरून काढायची तिला लई घाई. सरांनी तिला आरशात नाव उलटं कसं दिसतं ते पाहायला वऱ्हांड्यात बसवलं. आईचा टिकल्या चिकटवलेला चिमुकला आरसा घेऊन ती बाहेर बसली.

तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला, पाठोपाठ बायांचा आरडाओरडा.

मागं घेताना टँकर विहिरीच्या कठड्यावर आदळला होता. नळ तुटला आणि गावाचं दिवसाचं पाणी ढेकळांत जिरलं. मान बाहेर काढून मागं बघणारा ड्रायव्हर ओरडत होता, "डोळ्यात चमकलं! शाळंकडून चमकलं!"

लोक चढ चढून आले तेव्हा वऱ्हांड्यात जाई होती आणि तिच्या हातात आरसा होता. झालं, चोर मुद्देमालासकट सापडला.

"म्या न्हाई केलं," जाई म्हणाली.

सर दार उघडून बाहेर आले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. आरसा ईशान्येकडे तोंड करून पूर्वेचं ऊन उत्तरेच्या उतारावर फेकत लखलखत होता. त्यांना क्षणात सगळं कळलं. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. आणि सर म्हणाले, "लेकरं आहेत. असू द्या, माफ करा."

केवढं दयाळू वाक्य! त्यानं जाईचा गुन्हा पक्का केला. सुंदररावांनी निकाल दिला: पाऊस पडेपर्यंत जाईच्या आईची, वच्छलाबाईची घागर रांगेत शेवटी. शेवटच्या घागरीत गाळ येतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोक पांगल्यावर सरांनी गुपचूप जाऊन ओट्यावरचा आरसा पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त होऊन टँकर आला. सरांची घागर पहिली भरली. पाणी स्वच्छ होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. लाज वाटायची, आणि सांगितलं तर गाव काय म्हणेल याची त्याहून भीती वाटायची.

धडा संपला तशी त्यांनी किरणाकृतींची कृतिपत्रिका दिली. शेवटचा प्रश्न नेहमीचाच होता: तुम्ही स्वतः पाहिलेल्या परावर्तनाची किरणाकृती काढा. कुणी परात काढली, कुणी मोटारसायकलचा आरसा. जाईनं शाळा काढली होती. पूर्वेला सूर्य. वऱ्हांड्यावर सावलीच्या तिरप्या रेघा, त्यात छोटा आरसा, आणि शेजारी लिहिलेलं: 'इथे आपाती किरण येत नाही, म्हणून परावर्तित किरण नाही.' अंगणात ओटा, ओट्याला दुसरा आरसा. त्यावर पडणारा किरण, स्तंभिका, दोन्हीकडे सारखे कोन, आणि उतारावरून सरळ टँकरपर्यंत गेलेला बाण. आरशाला नाव दिलं होतं: 'सरांचा आरसा'.

बाकी प्रश्नांना सरांनी बरोबरची खूण केली. या प्रश्नाशी लाल पेन थांबलं. तशीच पत्रिका त्यांनी परत दिली.

पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी टँकर आला तेव्हा ते विहिरीवर हजर होते.

"सुंदरराव, त्या दिवशीचा उजेड माझ्या आरशाचा होता. मी ओट्यावर उघडा सोडला. जाईच्या आरशावर ऊनच नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसलो."

आता शिव्या पडतील, म्हणून सरांनी मान खाली घातली. सुंदरराव हसले. "आवं सर, एवढंच व्हय? तुमी काय मुद्दाम केलं का? चुकून झालं. चला, सरांची घागर लावा पुढं."

तेच पोरीनं केलं तर खोडी आणि सरांनी केलं तर चूक! बायांनीही माना डोलावल्या. शिव्या परवडल्या असत्या. सरांनी पुढे होऊन आपली घागर उचलली, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली आणि वच्छलाबाईची पुढे आणू लागले.

"ऱ्हाऊ द्या, सर," तिनं आपली घागर धरून ठेवली. "माझी म्या आणते. घागर हलवून काय होतंय? तवा बोलला असता तर पोरीला कुणी खोटी म्हणलं नसतं."

आईमागे उभी असलेली जाई पुढे आली. तिच्या हातात घडी घातलेली कृतिपत्रिका होती.

"सर, माझा शेवटचा प्रश्न बरोबर हाय का?"

"बरोबर आहे, जाई. अगदी बरोबर."

"मग त्याला खूण कावून न्हाई केली?"

सरांनी खिसा चाचपला. लाल पेन खिशातच होतं. तिथंच, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पत्रिका विहिरीच्या कठड्यावर टेकवली आणि 'सरांचा आरसा' या शब्दांशेजारी खूण केली.