सातव्या जागेवरचा पाच

मयुरीला छापील आकडे आवडत नसत. चौकटीच्या कागदावर जाड स्केचपेननं आकडे लिहायचे, मोबाइलनं फोटो काढायचा आणि तोच फोटो पडद्यावर दाखवायचा, ही तिची पद्धत. काजल तिला त्यावरून चिडवायची. पण वर्गात पोरं काजलच्या गुळगुळीत स्लाइडांपेक्षा मयुरीच्या वेड्यावाकड्या आकड्यांकडे जास्त बघत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दोघी एकाच कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवत. मयुरी आर्वीची, काजल नाचणगावची. नालवाडीत मयुरीनं खोली घेतली होती आणि काजल तिच्यासोबत राहायची. स्कूटी काजलची. एकीचा डबा दुसरीनं उघडायचा, एकीचा पेपर दुसरीनं तपासायचा, असं सगळं चाललेलं. त्यात कॉलेजात कायमची एक जागा निघाली. अर्ज दोघींनी भरले आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोघींनी मिळून तयारीही केली. जगात असं फार कमी ठिकाणी होत असेल, असं मयुरीला वाटे आणि त्याचा तिला अभिमान होता. बिचारीला अभिमान करायलाही नेमकी हीच गोष्ट सापडली.

मुलाखतीत वर्ग घेऊन दाखवायचा होता. मयुरीच्या वाट्याला पेज रिप्लेसमेंट आलं, म्हणजे मेमरी भरली की त्यातलं काय बाहेर काढायचं ते, आणि काजलच्या वाट्याला डेडलॉक. डेडलॉक काजलच्या डोक्यात शिरेना.

"हे पाह्य," मयुरी म्हणाली, "तुह्या गाडीची चाबी माह्याजवळ. माह्या खोलीची चाबी तुह्याजवळ. मले खोली पाह्यजे, तुले गाडी पाह्यजे. हातातली चाबी कोणीच सोडत नाई. मंग?"

"मंग दोघी बी उभ्या राहू."

"हाच डेडलॉक."

काजल हसली आणि तिनं ते लिहून घेतलं. मग दोघींच्या स्लाइडा तिनं आपल्या पेनड्राइव्हवर घेतल्या. "मीच लावून देईन सगळं," म्हणाली. "तू फक्त शिकवजो."

सकाळी काजलला वाटेत उजळणी करायची होती, म्हणून स्कूटी मयुरीनं चालवली. चावी तिच्याच पर्समध्ये राहिली. दाराला कुलूप काजलनं लावलं होतं.

वर्गात पुढच्या बाकांवर पोरं होती. मागे प्राचार्य हरिदास सर आणि नागपूरहून आलेले तज्ज्ञ ताराचंद सर बसले होते. कोपऱ्यात लॅपटॉपपाशी काजल. मयुरीनं सुरुवात झोकात केली.

"समजा टेबलावर तीनच पुस्तकं मावतात. जे पुस्तक टेबलावर नाही, ते उठून कपाटातून आणावं लागतं. त्या उठण्याला म्हणायचं पेज फॉल्ट. टेबल भरलेलं असेल तर जे सगळ्यात आधी आणलं, तेच आधी परत ठेवायचं. हा फिफो. आता टेबल मोठं केलं, चार पुस्तकांचं, तर उठणं कमी व्हायला हवं की नाही?"

पोरं हो म्हणाली.

"आज उलटं होणार आहे. पडद्यावरच्या क्रमानं पुस्तकं मागितली, तर तिनांच्या टेबलावर नऊदा उठावं लागेल आणि चारांच्या टेबलावर दहादा. करून बघू. आकडे तुम्ही वाचा, मी मांडते."

हीच तिची सवय. वर्गाकडे पाठ करून ती फळ्यावर चौकटी भरायची आणि आकडे पोरं ओरडायची. एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन, चार, पाच. ती मांडत गेली, फॉल्टखाली फुली मारत गेली. फुल्या मोजल्या तर नऊ. ती निर्धास्त झाली आणि चार चौकटी आखल्या.

पहिल्या चार फुल्या झाल्या. एक टेबलावर होता, दोन होता. पोरं म्हणाली, तीन. तोही होता. एक, दोन, तीन, चार, सगळे टेबलावरच. तिची फुली मारायची वेळ येईचना. शेवटी पाच आला तेव्हा एक फुली पडली. एकूण पाच.

"मॅडम, तुम्ही दहा म्हणाला होतात," ताराचंद सर शांतपणे म्हणाले.

मयुरी वळली आणि तिनं पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. सातव्या जागी तीन होता. तिथं पाच हवा होता. पाच असता तर एक पुस्तक बाहेर गेलं असतं आणि तिथून पुढे दर वेळी जे नुकतंच कपाटात परत ठेवलं तेच मागितलं गेलं असतं. सगळी गंमत त्या एका पाचात होती.

आपणच चुकलो, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं तो तीन न्याहाळला. तिसऱ्या जागेवरच्या तिनाच्या शेपटाशी शाईचा ठिपका होता, पेन टेकून राहिल्याचा. सातव्या जागेवरच्या तिनालाही तोच ठिपका होता, तेवढाच, तिथंच. हातानं लिहिलेले दोन तीन इतके सारखे कधी येत नाहीत. कुणीतरी तिचाच तीन उचलून तिच्याच पाचावर चिकटवला होता. तेही डोकं चालवून, पहिल्या खेपेला नऊच यावेत असं बघून.

"सर, सातव्या जागी पाच होता."

"चित्र तुमचंच ना?" हरिदास सरांनी विचारलं.

मयुरीनं कोपऱ्याकडे पाहिलं. काजल लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तिनं वर पाहावं, निदान दचकावं, एवढीच मयुरीची इच्छा होती. काजलनं पाहिलं नाही. आता नाव घेतलं तर स्वतःची चूक मैत्रिणीवर ढकलते म्हणतील आणि घेतलं नाही तर गेलंच.

"माझंच, सर," ती म्हणाली. वेळ संपली होती.

मग काजलचा वर्ग झाला. गाडीची चावी, खोलीची चावी, दोघी मैत्रिणी, सगळं तिनं सफाईनं सांगितलं. मयुरी दाराबाहेरून ऐकत होती.

"मग ही कोंडी फुटायची कशी?" ताराचंद सरांनी विचारलं.

"सिस्टिम एक बळी निवडते, सर," काजल म्हणाली. "ज्याचं काम मोडल्यानं नुकसान सगळ्यात कमी, त्याला बंद करते. त्याच्या हातातलं दुसऱ्याला मिळतं."

हे वाक्यही मयुरीचंच होतं.

थोड्या वेळानं शिपायानं येऊन काजलला ओरिजिनल कागदपत्रं घेऊन थांबायला सांगितलं. मयुरीला कुणी काही सांगितलं नाही. ती स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली. मोबाइलमध्ये मूळ फोटो होता, सातव्या जागी पाच असलेला. तो तिनं उघडून ठेवला.

काजल आली ती खाली बघतच. मयुरीनं फोन तिच्यापुढे धरला.

"काऊन केलं वं?"

काजलनं तो हातानं बाजूला सारला. "मले वाटलं, तू पाहशीन," ती म्हणाली. "पाह्यलं असतं तं जागा तुलेच भेटली असती."

"मी पोरांकडे पाठ करून मांडतो, हे तुले मालूम होतं."

"होतं." तिनं डोळे पुसले. "तुले कुठंबी भेटन, मयुरी. तू हुशार हायेस. मले दुसरीकडे कोण घेते?"

मयुरीला आधी वाटलं होतं, आपण ओरडू. आता ओरडण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि ही मनात आपला हिशेब मांडत होती.

"म्हणजे मी स्वस्त पडली तुले."

काजलनं हात पुढे केला. "गाडीची चाबी दे. घरी जाऊन बोलू."

"माह्या खोलीची चाबी दे आधी."

"तू दे न आधी."

आजवर आधी देणारी नेहमी मयुरीच असायची. तिनं पर्समधली चावी मुठीत घट्ट धरली. काजलनंही हात मागे घेतला. पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. कोंडी कशी फोडायची ते दोघींनाही पाठ होतं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.