राजीनाम्याची शेवटची ओळ

वॉशिंग मशीन पीं-पीं करत थांबलं आणि दुपारची शांतता मोडली. तनुजा लॅपटॉपसमोरून हलली नाही. चितेगावच्या कारखान्यातली इंजिनिअरची पक्की नोकरी सोडून ती मैत्रिणीच्या स्टार्टअपमध्ये निघाली होती. नोटीस पिरियड, काम सोपवणं, आभार, राजीनाम्यात सगळं लिहून झालं होतं. शेवटी तिनं जोडलं, ‘नवी सुरुवात भीतीला सोबत घेऊनच निघते.’

मागून वाचणारा नवरा विश्वजीत हसला. “साहेबाला कशाला सांगायलीस, घाबरलीस म्हणून?”

“खरंय ते. राहू दे.”

तिनं मेल पाठवून टाकला आणि तिला एकदम हलकं वाटलं. पाच वर्षांची ओवी मांडीवर चढली.

“आई, तुझी नवी कंपनी किती वर्षांची?”

“एक.”

“अगं बाई, लहानच आहे की! मोठी कधी होणार?”