बँडचा नंबर

कय्युमला धाकट्या भावाची जिरवायची होती, आणि तीही अशी की जिरल्यावरच त्याला पत्ता लागावा.

वसमतला त्यांच्या बापाने उभा केलेला बँड होता. गाडीवर, बॅनरवर, मोठ्या ढोलाच्या कातड्यावरसुद्धा एकच मोबाईल नंबर रंगवलेला. लग्नघरची माणसं त्या नंबरवर व्हॉट्सअॅपला पत्रिकेचा फोटो टाकायची, इकडून ‘येतो’ असं उत्तर गेलं की सुपारी पक्की. कय्युम क्लॅरिनेट वाजवायचा आणि धाकटा साजीद फोन सांभाळायचा. बाप गेल्यावर दोघांत तिसऱ्याच दिवसापासून ठिणग्या उडायला लागल्या आणि यंदाच्या ईदनंतर साजीदने चांगले वाजवणारे फोडून स्वतःचा बँड काढला. जाताना फोनही घेऊन गेला. गाडी तुला, नंबर मला, म्हणाला. जसं काही ती वाटणी कय्युमला कुणी विचारून केली होती.

गाडी घेऊन काय पुजायची होती? नंबर ज्याच्याकडे त्याचा बँड, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शिरड शहापूरच्या जळबा कदमाच्या घरी दोन पिढ्या यांचाच बँड वाजलेला. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि आठवड्यात पत्रिका टाकतो, असं त्याने बाजारात तोंडाने सांगितलं होतं. पत्रिका जाणार होती साजीदच्या खिशात. जळबाची सुपारी गेली तर शिरडची सगळी गावकी गेली, आणि मग उरलेले वाजवणारेही कय्युमकडे कशाला थांबतील? बापाचा बँड त्याच्या हातात मरणार, ही गोष्ट त्याला जेवू देत नव्हती.

पण सिम होतं कय्युमच्या नावावर. हे त्याला रुबीनाने, त्याच्या बायकोने, आठवण करून दिलं. साजीद कनेरगाव नाक्याकडे वरातीला गेलाय असं कळताच कय्युम आधार कार्ड घेऊन सकाळी सिम कंपनीच्या दुकानात गेला, सिम हरवलं म्हणून बेधडक खोटं बोलला, अंगठा दिला आणि त्याच नंबरचं नवं सिम घेऊन आला. दुपारपर्यंत ते चालू झालं. साजीदच्या फोनमधलं बँडचं सिम मेलं. पण व्हॉट्सअॅप मरत नाही. ते एकदा चालू झालं की त्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या इंटरनेटवरही चालत राहतं. ते हिसकायचं तर त्याच नंबरने आपल्या फोनवर उघडायचं, म्हणजे भावाच्या फोनवरचं आपोआप बंद पडतं. एवढंच काम बाकी होतं.

कय्युमने नंबर टाकला. मेसेजने सहा आकडी कोड पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं. कोड काही आला नाही. पुन्हा पाठवा, दाबलं. नाही आला. फोन बंद करून चालू केला, पुन्हा दाबलं. मग त्याने रुबीनाचा फोन ओढून घेतला आणि त्यावर तोच नंबर टाकून बघितला. रुबीना म्हणाली, जरा दमानं घ्या. त्यावर त्याने तिच्या माहेरचा उद्धार केला. ती भांडी जोरात आपटायला लागली. शेवटी स्क्रीनवर आलं की तुम्ही खूप वेळा प्रयत्न केला आहे, बारा तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

कय्युमच्या डोक्यात तिडीक गेली. नंबर त्याचा, सिम त्याचं, अंगठा त्याचा, आणि एक यंत्र त्याला नंतर ये म्हणत होतं.

तो तसाच सोमेश्वरच्या मोबाईल दुकानात जाऊन थडकला. सोमेश्वर कुणाशीच नीट बोलत नसे, कय्युमशी तर मुळीच नाही. गेल्या वर्षी सोमेश्वरच्या पुतण्याच्या वरातीत बँड उशिरा पोचला होता. त्याने फोन हातातही घेतला नाही. नवं सिम कधी काढलं, एवढं विचारलं आणि खवळलाच.

“आजच सिम काढलं अन् आजच कोड मागून राहिला? नव्या सिमवर एक दिवस मेसेजच येत न्हाईत. सरकारचा नियम हाय. कॉल चालू राह्यतात, मेसेजऐवजी कॉलवर कोड मागायचा व्हता. आता तेबी बंद करून बसला तू.”

“मंग दुसऱ्या फोनवर?” कय्युमने विचारलं.

“कुलूप नंबराला लागलंय, फोनाला न्हाई. उद्यापर्यंत हात लावू नको. लावशील तितकं लांबंल.”

हात लावू नको म्हटल्यावर कय्युमचा हात थांबणार थोडाच. यात साजीदचाच काही डाव आहे, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. सोमेश्वरलाही त्याने फितवलं असेल. म्हणून त्याने चावडीपाशी एका ओळखीच्याच्या फोनवर नंबर टाकला, मग गाडीच्या ड्रायव्हरच्या. दर वेळी तेच उत्तर, आणि वेळ आधीपेक्षा जास्त. घरी येऊन त्याने फोन गादीवर फेकला आणि भावाला, सोमेश्वरला, बायकोला एका दमात शिव्या घातल्या.

एक मात्र चांगलं होतं. दुपारपासून बँडच्या नंबरवर येणारे फोन त्याच्याकडे वाजत होते आणि तो मोठ्या रुबाबात ‘बोला, कय्युम मास्टर’ म्हणत होता. दुसऱ्या दिवशी ते फोन कमी झाले. तिसऱ्या दिवशी एकही आला नाही. लग्नाच्या तिथी नसतील, असं तो धरून चालला.

वेळ संपली तेव्हा त्याने एकदाच कोड मागितला. या खेपेला तो झटक्यात आला. कय्युमने आकडे टाकले आणि व्हॉट्सअॅप उघडलं. आत जुनं काहीच नव्हतं, पाटी कोरी. जुन्या गप्पा साजीदच्या फोनातच राहिल्या. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. आता साजीदचा फोन बंद पडला असणार, या विचाराने त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. जळबाची पत्रिका आता येईल ती इथेच.

जळबाचा मेसेज खरंच आला. लिहिलं होतं, “मास्टर, तुमचा नवा नंबर सेव्ह केला. पत्रिका त्याच्यावरच टाकली. हा जुना काढून टाकतो.”

त्याच्या खाली दुसरा आला, औंढ्याच्या माणसाचा. मग हळदीच्या एका व्यापाऱ्याचा. सगळ्यांचं तेच, नवा नंबर घेतला, जुना काढला. कय्युमने जळबाला फोन लावून विचारलं, हा नवा नंबर दिला कुणी? जळबा गोंधळला. तुमीच तर याच नंबरावरून कळवलं, तुमच्याच बँडचं नाव व्हतं वर, म्हणाला. आन् पत्रिकेवर ‘येतो’ म्हणून उत्तरबी आलं की.

कय्युमने साजीदला फोन लावला. दोघे ईदनंतर पहिल्यांदाच बोलत होते. दोन दिवस बसून एकेकाला तूच मेसेज टाकले ना, असं त्याने दात ओठ खात विचारलं. साजीदने नाकारलं नाही.

“पण तुला खबर दिली कोनी?” कय्युम ओरडला. “सोमेश्वरनं?”

“सोमेश्वर कशाला सांगंल?” साजीद म्हणाला. “बँडच्या सिमला नेटवर्क नव्हतं, मला वाटलं टावर गेला आसंल. तुमी कोड मागितला की माझ्या व्हॉट्सअॅपवर लिहून येत व्हतं, तुमच्या नंबरासाठी कोनीतरी कोड मागून राहिलंय म्हणून. येकदा आलं आसतं तर मी बघितलंबी नसतं, भाई. तुमी दिवसभर सांगत राह्यले.”