सहा मिनिटांतले अकरा प्रश्न

काकूंनी स्वतःच्या पाठावरच्या चिंतनाचा कागद रेकॉर्डिंग बघण्याआधीच भरून टाकला होता. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम. प्रश्नोत्तरे ओघवती.’ वर झोकदार सही.

वय बेचाळीस, दोन मुलांची आई. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळे त्यांना काकूच म्हणत. दुपारी तीनला त्यांचा पुनर्पाठ होता, म्हणजे सकाळचाच पाठ सुधारून पुन्हा. प्रश्न विचारण्याचं कौशल्य तेव्हा जमलं नाही, तर सोमवारी सराव-शाळेत बाकीचे जाणार आणि काकू इथेच बसणार. वर्षभर घरचं सगळं आवरून धावतपळत यायचं ते त्या शाळेच्या वर्गात उभं राहण्यासाठीच, हे त्यांना आणि त्यांच्या देवालाच ठाऊक.

“आधी बघा, मग लिहा,” म्हणत प्रशिक्षक मॅडमनी कागद उलटा करून ठेवला. सकाळचा पाठ वर्गातल्या ‘रेडिओ’नं मोबाईल कोपऱ्यात उभा करून टिपला होता. ही मुलगी झोपेतही बोलते, असा तिचा लौकिक.

पडद्यावर काकू अवतरल्या. विषय होता, ओले कपडे वाळतात कसे.

“अगं बाई, ही कोण? केवढी बडबडतेय!”

“तुम्हीच, काकू,” रेडिओ म्हणाली. “मीसुद्धा दमले ऐकून. आणि मी!”

पडद्यावरच्या काकूंनी विचारलं, “कपड्यातलं पाणी कुठे जातं? हवेत जातं, हो ना?” समोरच्या सात मित्रमैत्रिणींनी विद्यार्थी होऊन माना डोलावल्या. “उन्हात लवकर का वाळतं? उष्णता मिळते, बरोबर?” पुन्हा माना.

“थांबवा,” मॅडम म्हणाल्या. “चांगलं की वाईट हे नको. बाईंनी काय केलं तेवढं सांगा.”

“छान समजावलं,” काकू म्हणाल्या.

“ते मत झालं. हातानं, तोंडानं काय केलं?”

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “प्रश्न विचारला. आणि... उत्तरही मीच दिलं.”

“किती वेळानं?”

रेडिओनं घड्याळ लावलं. एक सेकंदसुद्धा भरेना. मग तिघींनी पहिल्यापासून मोजलं. अकरा प्रश्न. नऊ उत्तरं काकूंची, दोन रेडिओची.

“मुलं गप्प बसली की माझा जीव वरखाली होतो हो,” काकू म्हणाल्या. “घरीही तेच. धाकट्याला विचारते, भूक लागली का? आणि ताट वाढूनच विचारते!”

मॅडम हसल्या. “मायेनंच करता, दिसतंय ते. पण आता तुमच्याकडे नको, वर्गाकडे बघा.”

रेकॉर्डिंग मागे गेलं. तीन मिनिटं बारा सेकंद. मागच्या खुर्चीवर मौनीबाबा, वर्गातला सगळ्यांत अबोल मुलगा. काकूंनी विचारलं, वाऱ्यानं काय होतं? त्याची मान वर आली, ओठ उघडले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, वाफ उडून जाते. ओठ मिटले. पाचव्या मिनिटाला पुन्हा तसंच.

काकूंनी ते दोनदा बघितलं. “मला वाटलं, त्याला येत नाही. मीच त्याच्या तोंडातला घास काढून घेतला की गं.”

जुना कागद त्यांनी सुलटा केला आणि दोन्ही ओळी खोडल्या. खाली लिहिलं: ‘प्रश्नानंतर एक सेकंदही थांबले नाही. नऊ उत्तरे स्वतः दिली. पुढच्या पाठात: एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, मनात तीन आकडे मोजायचे, मग नाव घ्यायचं. उत्तर अर्धवट आलं तर त्यावरच पुढचा प्रश्न विचारायचा, आपण उत्तर द्यायचं नाही.’

“प्रश्नही कमी करा,” मॅडम म्हणाल्या. “चार पुरेत.”

तीन वाजता तोच गट बसला. काकूंनी विचारलं, “वारा अजिबात नसला, तर बंद खोलीतला ओला कपडा वाळेल का?”

काकू मोजू लागल्या. एक. हात पाठीमागे एकमेकांत घट्ट. दोन. रेडिओ बोलायला आसुसलेली. तीन. देवा, सांभाळ.

“मौनीबाबा?”

“वाळेल. पण उशिरा.”

उत्तर काकूंच्या अगदी जिभेवर आलं. गिळलं त्यांनी. “उशिरा का?”

तो छताकडे बघत राहिला. काकूही थांबल्या. मग तो म्हणाला, “कपड्याजवळची हवा आधीच ओलसर झालेली असते. वारा ती बाजूला नेतो, कोरडी आणतो. बंद खोलीत ती तिथेच तुंबते.”

“तिथेच तुंबते! शाब्बास!” काकू जवळजवळ ओरडल्याच. सकाळी आपण हे अर्ध्या वाक्यात उरकलं होतं, आणि ह्यानं केवढं नीट सांगितलं.

पाठ संपला. मॅडमनी निरीक्षण तक्त्यावर खूण केली. “सोमवारी शाळेत या. पण अजून एक गोष्ट राहिली. सांगा कुठली?”

काकूंनी डोळे मिटून सहा मिनिटं आठवली. “त्याचं वाक्य मी परत म्हणून दाखवलं. म्हणजे बाकीच्यांनी त्याचं ऐकायची गरजच उरली नाही.”

“मग?”

“मग सोमवारी मी ते दुसऱ्याला विचारेन. ‘हा काय म्हणाला, तू सांग बरं.’”

मॅडमनी पेन पुढे केलं. काकूंनी तेवढंच लिहिलं. सही करायचं राहूनच गेलं.