फुगलेली डबी

आळेफाट्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत हर्षालीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय आठचा गाळा. पण तिथं आलेलं गिऱ्हाईक दुरुस्तीबरोबर चार शब्द ऐकल्याशिवाय परत जात नाही. फोन उशीखाली घालून झोपू नका, मिळेल त्या वायरनं चार्ज करू नका, पाण्यात पडला तर केस वाळवायचं मशीन लावू नका. डिंगोरे गावची ही पोर बोलायला लागली की शेजारचा रसवंतीवाला म्हणायचा, "ताई, पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतता?" त्यावर ती म्हणायची, "माझं काम सांगायचं. ऐकायचं की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं." या वाक्याचा तिला अभिमान होता. त्या दिवशी दुपारपर्यंत होता.

एप्रिल संपत आला होता. दुपारचे अडीच वाजले असतील, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बोरी बुद्रुकचा ऋतिक आला, आणि त्याच्या मागून त्याचा आजा नवसू. आजा म्हणजे उभा सोटा, डोक्याला लाल पटका, कमरेला पान-तंबाखूची चंची. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. आता मेंढरं वीसच उरली होती, पण चाल अजून कळपापुढं चालणाऱ्याची. ऋतिक पिकअपवर टोमॅटो वाहतो. त्यानं काउंटरवर कागदाच्या कपट्यावर धरून एक पांढरी डबी ठेवली. हाताला लागू नये म्हणून कपटा.

"ताई, ह्ये इअरबड चालू हुईनात. लई गरम झाल्यात. कायबी करा, पर आज सात वाजायच्या आत चालू करून द्या."

"सातला काय मुहूर्त आहे?"

ऋतिकनं आज्याकडं पाहिलं. "आबाला ऐकू येत न्हाई ना. ह्ये कानात घातलं की फोन आवाज मोठा करून देतो, तवा कुटं येतं. सृष्टी, माझी बहीण, पुण्याला नर्सिंग शिकती. तिनंच समदं बसवून दिलंय. रोज सातला तिचा फोन येतो. सहा वर्सांनी आबानं तिचा आवाज ऐकला, दिवाळीला. तवापास्नं सात वाजले की मानूस दुसरीकडं बसत न्हाई."

हर्षालीनं मान हलवली. तेवढ्यात म्हाताऱ्यानंही हलवली आणि म्हणाला, "हां, हां." तिला ते आवडलं. समजूतदार माणूस, असं वाटलं.

"उन्हात ठेवली होती का?"

ऋतिक गडबडला. मग सगळं बाहेर आलं. सकाळी दहाला पिकअप गॅरेजला लावली, टायरचं काम. तिथल्या कंप्रेसरचा आवाज कानातून डोक्यात जायला लागला म्हणून आबानं इअरबड काढून डबीत घातले आणि ऋतिककडं दिले. ऋतिकनं डबी डॅशबोर्डवर टाकली, काचा वर केल्या आणि बाजारात गेला. दोन वाजता परत आला तर डबी तव्यासारखी. बड सुरू होईनात, म्हणून त्यानं तिथंच गाडीच्या चार्जरला लावली.

"तापलेली असताना?"

"म्हटलं, चार्जिंग उतरलं आसंल."

"किती वेळ?"

"पंधराएक मिन्टं. मग झाकण आपोआप वर आलं, तवा काढली."

हर्षालीनं डबी उजेडात फिरवली. तळाशी प्लास्टिकचा जोड उकलला होता, आणि फटीतून चांदीच्या कागदासारखी चकचकीत पिशवी बाहेर येत होती. भाकरी टम्म फुगावी तशी. थोडा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता. तिनं दोन्ही बड हळूच बाहेर काढून वेगळे ठेवले आणि काउंटरवरचे सगळे फोन मागं सरकवले.

"थांबा, मी बाजूच्या रसवंतीतनं बर्फ आनतो," ऋतिक म्हणाला आणि निघालासुद्धा.

"बर्फ नको!" ती ओरडली. "एकदम थंड केली तर आत दव धरतं, पाणी सुटतं, आणखी बिघडते. फ्रीजही नको. सावलीत, मोकळ्या हवेत, आपली आपण निवू द्यायची. बाजूला पेटेल असं काही ठेवायचं नाही."

दुकानाच्या पायरीवर तिनं एक मातीची कुंडी ठेवलेली होती, वाळूनं भरलेली. फुगलेल्या बॅटऱ्यांसाठीच. तिनं चिमट्यानं डबी उचलून त्या वाळूवर ठेवली. पायरीवर सावली होती, वारा होता. म्हातारा तिच्या मागोमाग आला आणि कुंडीशेजारी टेकला.

मग ती सांगायला लागली. पाठ म्हाताऱ्याकडं, तोंड डबीकडं, अधूनमधून ऋतिककडं. आतली बॅटरी म्हणजे पातळ पिशवी असते. पंचेचाळीस डिग्रीच्या वर तिला सोसत नाही, आणि बंद गाडीत डॅशबोर्ड सत्तरला जातो. आत वायू धरतो, पिशवी फुगते. तापलेलीला चार्जिंग लावलं की आगीत तेल. "आता ही दुरुस्त होत नाही. आणि ऐका, दोघांनीही ऐका. हिला दाबायचं नाही, उघडायचं नाही आणि टोचायचं तर अजिबात नाही. आतला वायू जाईल असं वाटतं, पण आतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि भडका होतो. कळलं का बाबा?"

"हां, हां," म्हातारा म्हणाला आणि मान हलवली.

ती निर्धास्त आत गेली. ऋतिक मागोमाग. नवीन घ्यायचे तर कुठले, आज्याच्या फोनला कुठले जमतील, ते बघायला दोघं काउंटरवर वाकले. तिनं एक डबा खाली काढला. तेवढाच वेळ.

नवसूला काय दिसत होतं? त्याला दिसत होतं, एक जीव फुगलाय. कातडं ताणलंय, कड उकललीय. कोवळा लसूणघास ओला खाल्ला की मेंढी अशीच फुगते. डावी कूस वर येते, डोळे पांढरे होतात, आणि माणसानं घडीभर बघत बसलं तर पाय झाडून मोकळी होते. अशी शंभर तरी मेंढरं त्यानं आयुष्यात वाचवली होती. डॉक्टर यायला दोन तास लागतात, मेंढी दोन तास थांबत नाही. नेमकी जागा चाचपायची, गोणी शिवायचा दाभण घुसवायचा. फुस्स करून वारा जातो आणि जनावर उठून उभं राहतं. आणि या जिवात तर त्याची सृष्टी बोलत होती.

त्यानं चंचीतून दाभण काढला.

हर्षालीला आवाज आधी आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा. ती वळली तेव्हा पायरीवर पांढऱ्या धुराचा फवारा उडत होता, आणि दुसऱ्या क्षणी त्या धुरातून नारिंगी जाळ निघाला. हातभर उंच. कुंडीत फटाका पेटवावा तसा तो सू-सू करत होता, ठिणग्या पायरीभर. म्हातारा मागं कलंडला होता, उजवा हात पुढं ताठ धरलेला. हर्षाली बघतच राहिली. चार वर्षं दुकान चालवून, रोज लोकांना हेच सांगून, तिनं हे कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. एवढ्याशा डबीत एवढी आग असते, हे तिचं तिलाच खरं वाटेना.

"आबा!" ऋतिक किंचाळला, तेव्हा ती हलली. पदरानं नाक धरलं, "धुरात जाऊ नको, त्यांना बाजूनं ओढ!" म्हणाली आणि दाराआडची वाळूची बादली कुंडीवर ओतली. जाळ दबला. वाळूखाली आणखी एकदा फुसफुसलं आणि राहिलं.

म्हाताऱ्याच्या भुवया करपल्या होत्या. डोळे वाचले होते. अंगठा आणि दोन बोटं लालभडक, वरची कातडी पांढरी पडून सुटू पाहत होती. ऋतिक पुन्हा रसवंतीकडं धावला.

"बर्फ नको म्हणते ना! हातालाही नको!" तिचा आवाज फाटला. "साधं पाणी. नळाखाली. वीस मिनिटं."

दुकानाच्या बाजूला टाकीचा नळ होता. आज्याचा हात तिनं त्याखाली धरला. ऋतिक डॉक्टरांकडं न्यायला रिक्षा बघायला पळाला. इकडं म्हातारा मिनिटाभरातच हात ओढायला लागला. तिनं परत धरला. त्यानं परत ओढला. तो उठून कुंडीकडं जाऊ बघत होता.

"बाबा, हात काढू नका! थोडा वेळ! पाण्यात असू द्या!"

"हां, हां," तो म्हणाला आणि हात काढला.

तेव्हा तिला कळलं. एकदम, अंगावर गार पाणी पडावं तसं. त्याला एक अक्षर ऐकू जात नव्हतं. आत्ताही नाही, मघाशीही नाही. सकाळी दहानंतर काहीच नाही. ऋतिकनं आल्याआल्याच सांगितलं होतं, आणि तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ज्याचे कानच बिघडून वाळूवर पडले होते, त्यालाच ती पाठ करून विचारत होती, कळलं का बाबा. तिला लाज वाटली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं.

तिनं शेजारच्या रसवंतीवाल्याला हाक मारून म्हाताऱ्याचा हात धरायला लावला आणि दुकानात पळाली. वायरच्या साध्या इअरफोनचं पाकीट दातानं फाडलं. त्यात बॅटरीच नाही, फुगायला काही नाही. आज्याच्या बंडीच्या खिशातला फोन काढला, पिन खुपसली. आवाज मोठा करणारी सोय सृष्टीनं बसवलेलीच होती, ती चालू केली. मग समोर गुडघ्यावर बसून त्याच्या दोन्ही कानांत बोंडं बसवली.

"बाबा, येतंय ऐकू?"

म्हातारा दचकला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "येतंय. पानी बी ऐकू येतंय."

"हात काढू नका. वीस मिनिटं धरायचा. नाहीतर आत पोळत जातं."

त्यानं हात स्वतःहून नळाखाली सरकवला. थोड्या वेळानं कुंडीकडं बघत म्हणाला, "मेलं का गं त्ये?"

"मेलं बाबा. पण ते आधीच मेलं होतं. गाडीत, उन्हानं."

"मला वाटलं, वारा काडला की उठंल. मेंढरू उठतं." तो थांबला. "तू मगाशी तोंड लई हालवत व्हतीस. काय सांगत व्हतीस?"

तो वाट बघत होता.

"सांगत होते, टोचू नका."

म्हाताऱ्यानं करपलेल्या भुवया वर केल्या.

"आन् मी काय म्हनलो?"

"हां म्हणालात. दोनदा."

"मी समद्यांलाच हां म्हनतो, पोरी. येवढा जीव तोडून बोलतात लोकं. त्यांना वाईट वाटाया नको."

रसवंतीवाला मान खाली घालून हात धरून होता. वायर म्हाताऱ्याच्या छातीवर लोंबत होती, ती ओली होऊ नये म्हणून हर्षालीनं त्याच्या खांद्यावर टाकली.

"सातपतूर ऱ्हाईल का ह्ये कानात?"

"राहील. तुम्हाला देऊन टाकलंय."

"मग बरं. सृष्टीला ह्ये मीच सांगीन. ऋतिकला बोलंल ती, उगा." त्यानं नीट मांडी घातली, हात नळाखाली ठेवला आणि तोंड तिच्याकडं केलं. "आता सांग. पहिल्यापास्नं. काय काय करायचं न्हाई त्ये."

हर्षालीनं डोळे पुसले, त्याच्यासमोर सरकून बसली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापासून सांगायला लागली.