जुळता शेवट

भाऊसोंच्या गुऱ्हाळावर मी पाऊल ठेवलं तेव्हापासून ते माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. माझंही काही वेगळं नव्हतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये वर्षं घालवली की गोड बोलणाऱ्या माणसाचा आधी संशय येतो. पण या कामाची मला नड होती. ही रील चालली तर हंगामभर गुऱ्हाळाचं काम माझं, असं ठरलं होतं. मग इस्लामपुरातल्या स्टुडिओला रामराम ठोकून स्वतःचं काम सुरू करता आलं असतं.

"शेवटाला आमच्या वडलांचा, आबांचा फोटो आन् फोन नंबर कुटं हाय?" भाऊसोंनी लॅपटॉपवर वाकून विचारलं. "का हीच रील दुसऱ्या गुऱ्हाळवाल्याला इकायचीय?"

"काका, नंबर वर कोपऱ्यात पहिल्यापासून हाय. शेवटाला पाटी लावली की माणूस म्हणतो, संपलं, आन् पुढं सरकतो. शेवट दिसायलाच नको. शेवटचं चित्र पहिल्या चित्रात मिसळलं की बघणाऱ्याला कळत न्हाई, दुसऱ्यांदा सुरू झालंय. त्यो बघत बसतो. जास्त वेळ बघितलं की ॲप आणखी लोकांना दाखवतं."

त्यांना ते पटलं नाही.

माझी आखणी साधी होती. सुरुवात ओतण्याच्या मधूनच: काहिलीच्या मोठ्या कढईतला गरम पाक थंड करायच्या वाफ्यात पडतोय, सगळी स्क्रीन त्यानंच भरलीय. मग थंड होणं, साचे, ढेप, आणि शेवटी ढेपीचा तुकडा कॅमेऱ्याच्या इतका जवळ की पुन्हा सगळी स्क्रीन गुळाची. तिथून थेट पाक. पडण्याचा आवाज मी शेवटापासूनच हळू सुरू करून पुढे ओढला होता, म्हणजे कानालाही सांधा कळू नये. वर अक्षरं, 'भेंडीच्या रसाचा गूळ, पावडर नाही.' भेंडीच्या रसानं मळी काढलेला उसाचा गूळ तपकिरी राहतो; पिवळा दिसावा म्हणून कुणी कुणी त्यात रसायनाची पावडर घालतात.

आणि सांधा बसेना. पाक तांबूस-तपकिरी, तुकडा पिवळाधमक. दर फेरीला डोळ्यावर चापट बसल्यासारखं व्हायचं. उजेड तोच, कॅमेऱ्याची मांडणी तीच. गूळ थंड होताना थोडा फिकटतो, पण इतका? ढेप भाऊसोंनी स्वतः आतून आणून दिली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आजच्याच काहिलीतली ढेप द्या की," मी म्हटलं.

"रंग तुझ्या ॲपमधनं जुळव. पाक पिवळा कर. गिऱ्हाइकाला पिवळंच लागतं."

मी केरबाकडे गेले. केरबा तिथला गुळव्या, पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा. साच्यातून निघालेली आजची ढेप त्याच्या पुढ्यात होती. तपकिरी. तुकडा तोडून मी त्याच उजेडात शूट केला आणि लावून बघितला. रंगाला बोटही न लावता सांधा असा बसला की मीच तीनदा बघून बसले. मला आनंद झाला. म्हणजे आजच्या पाकात पावडर नव्हती; ती पिवळी ढेप दुसरीकडची असेल, मी उगीच संशय घेतला होता.

"लय भारी जुळलं," केरबा मान डोलावत म्हणाला. "आज घरची काहील हाय नव्हं. मालकांच्या घरी वरीसभर ह्योच खात्यात. पावडर उद्यापासनं परत."

दुकानात जाणारा सगळा माल पिवळा. घरचा तेवढा तपकिरी. आणि मला मुद्दाम घरच्या काहिलीच्या दिवशीच बोलावलं होतं. माझा सगळ्यात सुंदर सांधा हाच सगळ्यात मोठा खोटेपणा होता, आणि त्यावर 'पावडर नाही' असं मीच लिहिलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

मी तपकिरी तुकडा काढून टाकला, पिवळा परत लावला आणि लॅपटॉप भाऊसोंपुढे ठेवला. रील फिरू लागली. पाक, साचे, पिवळा तुकडा, झटका. पुन्हा पाक.

"जुळव की गं हे!"

"तुमी पावडर सोडा, काका, मग माझं आपोआप जुळतंय. तोवर ती अक्षरंबी मी लावणार न्हाई."

भाऊसोंनी केरबाकडे एकदा बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासनं येऊ नगंस. दुसरी लय हायेत."

मी ट्रायपॉड मिटला. हंगाम गेला, हे मला त्याच क्षणी कळलं आणि वाईटही वाटलं. फाटकापर्यंत भाऊसोंच्या पत्नी राजेश्वरीकाकू धावत आल्या. गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली ढेप होती, तपकिरी.

"घे पोरी, आईला दे. चांगला हाय."

"ठावं हाय, काकू," मी म्हटलं. "पर आई तुमचाच गूळ खाती. बाजारातनं आणून. पिवळा."

काकूंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मी गाडीला किक मारली.