रफूचे टाके

फोटो टेबलावर आपटून गुणाबाई म्हणाली, "भाऊ, ह्या कोटावरचं रफू कुठी गेलं?"

चांद्याच्या स्टुडिओत गुलाम रसूल काचेच्या निगेटिव्हवर रीटचिंग करायचा. फोटो त्यानंच साफ केला होता. त्यात गुणाबाईचा नवरा पत्रू, आलापल्लीच्या लाकूड डेपोतला चौकीदार, खाकी कोट घालून ताठ बसला होता. कोटावर एक सुरकुती नव्हती.

पंधरा दिवसांपासून पत्रू आणि दुसरा चौकीदार मंगरू, दोघंही बेपत्ता होते. काल जंगलात एकच प्रेत सापडलं. चेहरा जनावरांनी ठेवला नव्हता. अंगावर डेपोचाच कोट होता आणि छातीवर पांढऱ्या दोऱ्याचं रफू.

"मंगरूची बायको म्हणते, रफू तिनं केलं. मी म्हणतो, मी केलं. रेंजरसाहेब फोटो पाहून म्हणले, तुह्या नवऱ्याच्या कोटाले तर रफूच नाई. उद्या सकाळी प्रेत तिले देतात. मंग मी कोणाले माती देऊ?"

गुलाम रसूलनं काच शोधून काढली, उजेडाच्या चौकटीवर ठेवली आणि कापसाला टर्पेंटाइन लावून हळूहळू फिरवला. पेन्सिलीचा थर निघू लागला. सुरकुत्यांच्या काळ्या सावल्या निगेटिव्हवर पारदर्शक रेघा होतात. त्या त्यानं पेन्सिलीनं भरल्या होत्या, त्या आता एकेक करून परत आल्या. कोट चुरगळला.

"दिसलं?" गुणाबाई काचेवर वाकली.

त्यानं भिंग लावलं. छातीवर एक गुळगुळीत, पातळ जागा होती. पांढरा दोरा निगेटिव्हवर काळा, दाट उतरतो. त्याला तो कोटावरचा कचरा वाटला होता. कचरा पेन्सिलीनं झाकत नाहीत, चाकूनं खरवडतात. खरवडलेलं परत येत नाही.

"नाई, बाई. टाके माह्या हातानं गेले."

"मंग पेन्सिलीनं काढून द्या ना! तुमचा हात चांगला हाय. अकरा टाके होते, आडवे. मी सांगतो."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "काढलेलं ओळखू येते. मंग तुह्या खऱ्या रफूलेही कोणी खरं म्हणणार नाई."

"असंही कोण म्हणून राह्यलं?"

अंधाऱ्या खोलीत जाऊन गुलाम रसूलनं तशाच काचेवरून फोटो छापला. चुरगळलेल्या कोटावर, छातीशी बोटाएवढा काळा डाग उठला. खरवडल्याची खूण, आधी पेन्सिलीखाली झाकलेली.

गुणाबाईनं ओला फोटो दोन्ही हातांत धरला. "ह्या डागाले साहेब काय म्हणन?"

"मी सांगीन, हा डाग माहा हाय म्हणून."

"आन् तुमचं नाई ऐकलं तं?"

गुलाम रसूलनं काच कापडात गुंडाळली. आलापल्लीची मोटार सुटायला थोडाच वेळ होता. "चाल," तो म्हणाला. गुणाबाई त्याच्या आधीच रस्त्यावर धावत होती.